स्क्यूनेस आणि कर्टोसिस: आकडा वाचायच्या आधी तो कोणत्या निरीक्षणांतून आला ते बघा

संख्याशास्त्राचं कुठलंही सॉफ्टवेअर सरासरी आणि प्रमाण विचलनाच्या खाली आणखी दोन आकडे छापतं: स्क्यूनेस, म्हणजे विषमता, आणि कर्टोसिस, ज्याला आपल्या पुस्तकांत ककुदता किंवा शिखरता म्हणतात. बहुतेक अहवालांत या दोन आकड्यांचं वाचन एकाच वाक्यात उरकलेलं असतं: ‘स्क्यूनेस एकपेक्षा जास्त, म्हणून माहिती उजवीकडे झुकलेली, कर्टोसिस तीनपेक्षा जास्त, म्हणून टोकदार.’ यातला पहिला अर्धा भाग अपुरा आहे आणि दुसरा चक्क चूक. का, ते सूत्र पाठ करून कळत नाही. दहा आकडे घेऊन हाताने गणित केलं की लगेच कळतं. म्हणून तेच करू.

## दहा आकड्यांचं उदाहरण

समजा, एका मदतकेंद्राला दहा फोन आले. प्रत्येकाला उत्तर मिळेपर्यंत किती मिनिटं थांबावं लागलं, त्याची ही नोंद (आकडे मी हिशेब सोपा व्हावा म्हणून बनवले आहेत):

६, ७, ७, ८, ८, ९, ९, १०, ११, २५

बेरीज १००, म्हणून सरासरी १०. आता प्रत्येक आकडा सरासरीपासून किती दूर आहे ते काढायचं, आणि त्या अंतराचा वर्ग, घन आणि चौथा घात लिहायचा.

| मिनिटं | अंतर | वर्ग | घन | चौथा घात |
|---|---|---|---|---|
| ६ | −४ | १६ | −६४ | २५६ |
| ७ | −३ | ९ | −२७ | ८१ |
| ७ | −३ | ९ | −२७ | ८१ |
| ८ | −२ | ४ | −८ | १६ |
| ८ | −२ | ४ | −८ | १६ |
| ९ | −१ | १ | −१ | १ |
| ९ | −१ | १ | −१ | १ |
| १० | ० | ० | ० | ० |
| ११ | १ | १ | १ | १ |
| २५ | १५ | २२५ | ३३७५ | ५०६२५ |
| बेरीज | ० | २७० | ३२४० | ५१०७८ |

प्रत्येक बेरजेला दहाने भागलं की वर्गांची सरासरी २७, घनांची ३२४ आणि चौथ्या घातांची ५१०७.८ येते. २७ चं वर्गमूळ ५.१९६, हे आपलं प्रमाण विचलन. घनांच्या सरासरीला प्रमाण विचलनाच्या घनाने भागलं की स्क्यूनेस मिळतो, चौथ्या घातांच्या सरासरीला प्रमाण विचलनाच्या चौथ्या घाताने भागलं की कर्टोसिस.

```
skewness = m3 / m2^1.5 = 324 / 140.30  = 2.31
kurtosis = m4 / m2^2   = 5107.8 / 729  = 7.01
```

भागाकार करण्याचं कारण एवढंच की एकक निघून जावं. मिनिटांऐवजी सेकंदांत मोजलं तरी हे दोन्ही आकडे तेच राहतात. सगळ्या नोंदींत पाच मिनिटं मिळवली तरी बदलत नाहीत. म्हणूनच त्यांना वितरणाच्या आकाराचे आकडे म्हणतात: जागा आणि पसारा वजा केल्यावर जे उरतं ते.

तुलनेसाठी काही ओळखीची वितरणं लक्षात ठेवावीत. नॉर्मल वितरणाचा स्क्यूनेस ० आणि कर्टोसिस ३. सगळीकडे सारख्या उंचीचं, म्हणजे एकसमान वितरण असेल तर ० आणि १.८. थांबण्याच्या वेळांसाठी नेहमी वापरलं जाणारं घातांकी वितरण, जे शून्यापासून उतरत जातं, त्याचे २ आणि ९. कर्टोसिस कधीच १ च्या खाली जात नाही. अर्धी माहिती एका आकड्यावर आणि अर्धी दुसऱ्यावर असेल तेव्हा तो बरोबर १ असतो.

## तक्त्याची शेवटची ओळ

आता वरच्या तक्त्याकडे परत एकदा बघा. वर्गांच्या स्तंभात २७० पैकी २२५ एकट्या २५ मिनिटांच्या फोनचे आहेत, म्हणजे सुमारे ८३ टक्के. घनांच्या स्तंभात त्या एका फोनचे ३३७५ आहेत, आणि बाकीचे नऊ मिळून उणे १३५. चौथ्या घाताच्या स्तंभात ५१०७८ पैकी ५०६२५, म्हणजे ९९ टक्क्यांहून जास्त. उरलेल्या नऊ फोनांचं तिथे जवळजवळ काहीच चालत नाही.

कर्टोसिस ७.०१ आला, त्यातले ६.९४ एका निरीक्षणाचे आणि ०.०६ उरलेल्या नऊ जणांचे मिळून. त्यामुळे ‘या माहितीचा कर्टोसिस ७ आहे’ असं म्हणताना खरं तर आपण एवढंच म्हणत असतो की एक फोन सरासरीपासून २.८९ प्रमाण विचलनं दूर होता. या अंतराचा, नेमका २.८८६८ चा, चौथा घात केला आणि दहाने भागला की ६.९४ मिळतातच.

तो एक फोन बाजूला ठेवून पुन्हा हिशेब केला तर नऊ आकड्यांची सरासरी ८.३३, प्रमाण विचलन १.४९, स्क्यूनेस ०.२२ आणि कर्टोसिस २.१३ येतो. एक ओळ गाळली आणि ‘अतिशय झुकलेलं’ वितरण जवळपास सममित झालं. गाळणं योग्य की अयोग्य हा वेगळा प्रश्न आहे, त्याकडे पुढे येऊ. इथे मुद्दा असा की हा आकडा छापण्याआधी ही चाचणी करून बघायलाच हवी, आणि ती करायला अर्धं मिनिटसुद्धा लागत नाही.

पायथॉनमध्ये प्रत्येक निरीक्षणाचा वाटा असा दिसतो:

```python
import numpy as np
from scipy.stats import skew, kurtosis

x = np.array([6, 7, 7, 8, 8, 9, 9, 10, 11, 25])
z = (x - x.mean()) / x.std()

print(skew(x), kurtosis(x, fisher=False))
print(np.round(z**3 / len(x), 3))
print(np.round(z**4 / len(x), 3))
```

शेवटच्या दोन ओळी माझ्या मते वरच्या ओळीपेक्षा जास्त महत्त्वाच्या आहेत. त्यांची बेरीज म्हणजेच स्क्यूनेस आणि कर्टोसिस, पण बेरीज करण्याआधी ती कोणाकोणाकडून आली ते समोर दिसतं. माहिती मोठी असेल तर `z**4` उतरत्या क्रमाने लावून पहिले दहा-वीस आकडे बघायचे. एकूण बेरजेतला निम्म्याहून जास्त वाटा पाच-सहा निरीक्षणांचा निघाला, तर कर्टोसिस वितरणाबद्दल नव्हे, त्या पाच-सहा निरीक्षणांबद्दल बोलतो आहे असं समजावं.

## कर्टोसिस म्हणजे टोकदारपणा नव्हे

कार्ल पिअर्सनने कर्टोसिस हा शब्द १९०५ मध्ये रूढ केला, आणि तेव्हापासून तो वक्राच्या माथ्याशी जोडला गेला: कर्टोसिस जास्त म्हणजे माथा टोकदार, कमी म्हणजे चपटा. हे बरोबर नाही, हे आयर्व्हिंग कप्लान्स्कीने १९४५ मध्येच उदाहरणं देऊन दाखवलं होतं. २०१४ मध्ये पीटर वेस्टफॉलने एका लेखाच्या शीर्षकातच या समजुतीला ‘आर.आय.पी.’ म्हणून निरोप दिला. तरीही पाठ्यपुस्तकांत ती टिकून आहे, मराठीतल्याही. शिखरता हा प्रतिशब्दच शिखराकडे बोट दाखवतो, त्याला काय करणार.

माथ्याशी संबंध का नसतो ते तक्त्यात दिसतंच. सरासरीच्या जवळचं निरीक्षण चौथ्या घातात जवळपास शून्य भर घालतं. एका प्रमाण विचलनाच्या आतलं कुठलंही निरीक्षण फार तर १ चा वाटा देऊ शकतं, आणि तोही निरीक्षणांच्या संख्येने भागला जातो. उलट तीन प्रमाण विचलनांवरचं निरीक्षण ८१ देतं, पाचांवरचं ६२५. मधला भाग टोकदार असो, चपटा असो की त्यात खड्डा असो, मोठ्या कर्टोसिसला त्याचा फारसा फरक पडत नाही.

खड्ड्याचंच उदाहरण घ्या. २५ तसेच ठेवून उरलेले नऊ फोन असे बदलू:

६, ६, ६, ७, १०, १०, १०, १०, १०, २५

बेरीज पुन्हा १००. पण आता ७ ते १० च्या मध्ये काहीच नाही. सहा-सातचा एक पुंजका, दहाचा दुसरा. आयतालेख काढला तर आधीच्या चित्राशी याचं काही साम्य दिसणार नाही. कर्टोसिस मात्र ७.०१ वरून ६.४७ वर आला, एवढंच. मधला सगळा आकार मोडून टाकला तरी आकडा जागचा फार हलला नाही, कारण त्याला शेपटीतला, म्हणजे सरासरीपासून फार दूरच्या भागातला, २५ तेवढा दिसतो.

तेव्हा मोठा कर्टोसिस दिसला की ‘टोकदार’ असं लिहू नका. ‘या माहितीत प्रमाण विचलनाच्या मानाने फार दूर गेलेली काही निरीक्षणं आहेत’ असं लिहा, आणि शक्य असेल तर ती कोणती ते सांगा. कर्टोसिस दोनच्या खाली आला तर दोन शक्यता तपासाव्यात: एक तर शेपट्या कुठेतरी कापल्या गेल्या आहेत (मोजमापाला वर-खाली मर्यादा आहे, किंवा कोणीतरी टोकाच्या नोंदी आधीच गाळल्या आहेत), नाहीतर दोन वेगळे गट एकत्र झाले आहेत. दुसऱ्या शक्यतेचा निकाल आकड्यावरून लागत नाही. आयतालेखच काढावा लागतो.

## स्क्यूनेसची दोन घोटाळ्याची ठिकाणं

स्क्यूनेसचं चिन्ह समजायला सोपं आहे. धन असेल तर घनांच्या बेरजेत उजवी बाजू जिंकली, ऋण असेल तर डावी. गोंधळ होतो तो त्यावरून पुढचे निष्कर्ष काढताना.

पहिला निष्कर्ष, ‘स्क्यूनेस धन, म्हणजे सरासरी मध्यकापेक्षा मोठी’. हे बऱ्याचदा खरं असतं, पण नियम नाही. हे दहा आकडे बघा:

२, २, २, २, ६, ६, ६, ६, ६, १२

सरासरी ५. मध्यक ६. म्हणजे पाठ्यपुस्तकातल्या नियमाप्रमाणे हे वितरण डावीकडे झुकलेलं असायला हवं. हिशेब करा: अंतरं चार वेळा −३, पाच वेळा १ आणि एकदा ७. वर्गांची सरासरी ९, म्हणून प्रमाण विचलन ३. घनांची बेरीज −१०८ + ५ + ३४३ = २४०, सरासरी २४. स्क्यूनेस २४ भागिले २७, म्हणजे ०.८९, स्पष्टपणे धन. मध्यक फक्त क्रम बघतो, तर घन अंतर बघतो. दोघांनी एकाच बाजूला बोट दाखवावं असं कुठेही बंधन नाही. गुणांकन, मुलांची संख्या, एक ते पाचमधली पसंती अशा मोजक्याच किमती घेणाऱ्या माहितीत हा नियम विशेष मोडतो.

दुसरा निष्कर्ष, ‘स्क्यूनेस शून्य, म्हणजे वितरण सममित’. वरच्याच यादीत २ च्या जागी ३ आणि १२ च्या जागी ८ घाला:

३, ३, ३, ३, ६, ६, ६, ६, ६, ८

सरासरी पुन्हा ५. अंतरं चार वेळा −२, पाच वेळा १, एकदा ३. घनांची बेरीज −३२ + ५ + २७ = ०. स्क्यूनेस बरोब्बर शून्य, आणि यादी आरशात धरली तर दुसरीच दिसेल. सममित वितरणाचा स्क्यूनेस शून्य असतो हे खरं (तो काढता येत असेल तर), पण उलटं वाचता येत नाही.

मधला भाग खरंच झुकलेला आहे की फक्त शेपटी लांब आहे, हे वेगळं करायला आर्थर बोली या संख्याशास्त्रज्ञाचं, चतुर्थकांवर आधारलेलं माप हाताशी ठेवावं. पहिला चतुर्थक आणि तिसरा चतुर्थक यांच्या बेरजेतून मध्यकाची दुप्पट वजा करायची आणि उत्तराला दोन चतुर्थकांमधल्या अंतराने भागायचं. आपल्या फोनांच्या पहिल्या यादीत पहिला चतुर्थक ७, मध्यक ८.५, तिसरा १०. म्हणजे (७ + १० − १७) भागिले ३, उत्तर शून्य. एकाच यादीचा घनावर आधारलेला स्क्यूनेस २.३१ आणि बोलीचा ०. दोन्ही बरोबर आहेत. मधली निम्मी माहिती पूर्ण सममित आहे आणि सगळा झुकाव बाहेरच्या भागात आहे, हे या दोन आकड्यांची जोडी सांगते. एकटा २.३१ ते सांगू शकला नसता.

## त्याच यादीला चार उत्तरं

आता थोडी कंटाळवाणी पण अटळ गोष्ट. फोनांची यादी वेगवेगळ्या सॉफ्टवेअरमध्ये घातली तर कर्टोसिसची चार वेगवेगळी उत्तरं येतात.

`scipy` मध्ये `kurtosis(x, fisher=False)` दिलं तर ७.०१. काहीच न सांगता `kurtosis(x)` दिलं तर ४.०१, कारण नॉर्मल वितरणाचे ३ त्यातून वजा होतात. याला अतिरिक्त कर्टोसिस म्हणू. एक्सेलचं `KURT` आणि पांडासचं `.kurt()` दोन्ही ८.०५ देतात: तेही अतिरिक्तच आहे, पण नमुना लहान असल्याबद्दलची दुरुस्ती धरून. आर भाषेतल्या `e1071` पॅकेजचं `kurtosis` जसंच्या तसं वापरलं तर २.६८ येतात, कारण तिथे प्रमाण विचलन काढताना दहाऐवजी नवाने भागलेलं असतं. त्याच आरमधलं `moments` पॅकेज मात्र तीन वजा न करता ७.०१ देतं.

२.६८ ते ८.०५! एकाने २.६८ वाचून ‘तीनपेक्षा कमी, शेपट्या आखूड’ लिहिलं आणि दुसऱ्याने ८.०५ वाचून ‘फार लांब शेपट्या’ लिहिलं, असं एकाच यादीवर सहज होऊ शकतं. स्क्यूनेसमध्येही तसंच आहे, पण तफावत कमी: २.३१, एक्सेलच्या `SKEW` मध्ये २.७४ आणि `e1071` मध्ये १.९७. एक्सेलमध्ये दुरुस्ती नसलेला स्क्यूनेस हवा असेल तर `SKEW.P` आहे. कर्टोसिससाठी तसं वेगळं फंक्शन नाही.

आपलं सॉफ्टवेअर नेमकं काय देतं हे कळत नसेल, तर वरचे दहा आकडे त्यात घाला आणि उत्तर जुळवून बघा. निरीक्षणं हजारांत गेली की दुरुस्तीमुळे पडणारा फरक नगण्य होतो, पण ३ वजा केले की नाही हा फरक कायम राहतो. अहवालात कर्टोसिस लिहिताना ‘अतिरिक्त’ हा शब्द आहे की नाही ते म्हणूनच सोडू नये.

## लहान नमुन्याचं छत

हा मुद्दा मला सगळ्यांत कमी ठिकाणी लिहिलेला दिसतो. नमुन्यात निरीक्षणं किती, यावरून स्क्यूनेस आणि कर्टोसिस जास्तीत जास्त किती येऊ शकतील ते आधीच ठरलेलं असतं.

```
max |skewness| = (n - 2) / sqrt(n - 1)
max kurtosis   = (n^2 - 3n + 3) / (n - 1)
```

दहा निरीक्षणांसाठी ही छतं २.६७ आणि ८.११ येतात (दुरुस्ती नसलेल्या सूत्राने). नऊ आकडे एकसारखे आणि दहावा वेगळा असला की हे छत गाठलं जातं, मग तो दहावा कितीही दूर असो. आपल्या यादीत २५ मिनिटांच्या जागी २५० मिनिटं घातली तर स्क्यूनेस २.३१ वरून २.६७ ला टेकतो आणि कर्टोसिस ७.०१ वरून ८.११ ला. थांबणं दहापट वाढलं, आणि आकडे थोडेसे सरकून थांबले. कारण तो फोन दूर गेला तसं प्रमाण विचलनही त्याने आपल्याबरोबर ओढून नेलं.

याची दुसरी बाजू जास्त बोचणारी आहे. घातांकी वितरणाचा खरा कर्टोसिस ९. त्यातून दहा निरीक्षणं घेतली तर नमुन्याचा कर्टोसिस ९ येणं गणितानेच अशक्य आहे, छत ८.११ चं. बहुतेक नमुन्यांत तो त्याच्याही बराच खाली येईल. म्हणजे लांब शेपटीच्या वितरणातून लहान नमुना घेतला की कर्टोसिस शेपटी आखूड असल्याचं भासवतो, आणि ही चूक नेहमी साधारण त्याच दिशेला होते. शेपटीतलं दुर्मीळ निरीक्षण अजून नमुन्यात आलेलंच नसतं. माहिती गोळा होत जाते तसा कर्टोसिस मध्येच एका दिवशी उडी मारून वर जात असेल, तर हेच घडतं आहे असं समजावं.

काही वितरणांत तर तो स्थिरावतच नाही. टी वितरणाचे मुक्तांश चार किंवा कमी असले की खरा सांत कर्टोसिस अस्तित्वातच नसतो. तरीही नमुन्यातून सॉफ्टवेअर एक छान दोन दशांश स्थळांचा आकडा काढून देतंच.

## किती मोठा म्हणजे मोठा

माहिती नॉर्मल वितरणातून आली असेल, तर नमुन्याच्या स्क्यूनेसची प्रमाण त्रुटी साधारण ६ भागिले निरीक्षणसंख्या याच्या वर्गमुळाएवढी आणि कर्टोसिसची २४ भागिले निरीक्षणसंख्या याच्या वर्गमुळाएवढी असते. शंभर निरीक्षणांसाठी ०.२४ आणि ०.४९. त्यामुळे शंभर निरीक्षणांत स्क्यूनेस ०.३ किंवा अतिरिक्त कर्टोसिस ०.६ आला म्हणून काही लिहिण्यासारखं घडलेलं नाही. नॉर्मल वितरणातूनही एवढं सहज येतं. कर्टोसिसच्या बाबतीत हा अंदाज लहान नमुन्यांत फार ढोबळ आहे, कारण नमुन्यागणिक येणाऱ्या कर्टोसिसचं वितरण स्वतःच उजवीकडे लांब असतं.

दुसऱ्या टोकाला, दहा हजार निरीक्षणं असतील तर स्क्यूनेसची त्रुटी ०.०२४ होते. मग ०.१ चा स्क्यूनेसही चाचणीत ‘लक्षणीय’ ठरतो, पण चित्रात तो डोळ्यांना दिसतसुद्धा नाही. म्हणून ‘±१ चालतं’, ‘±२ पर्यंत ठीक’ असे सरसकट नियम मला पटत नाहीत. कशासाठी ठीक, हे त्यांत नसतं.

विचारायचा प्रश्न असा: पुढे या माहितीचं आपण काय करणार आहोत?

सरासरीचा ९५ टक्के विश्वास अंतराल काढणार असू, तर स्क्यूनेस महत्त्वाचा. विल्यम कॉक्रनचा एक जुना अडाखा आहे: झुकाव मुख्यतः उजवीकडे असेल तर निरीक्षणं स्क्यूनेसच्या वर्गाच्या २५ पटींहून जास्त असावीत, म्हणजे ९५ टक्क्यांचा अंतराल ६ टक्क्यांहून अधिक वेळा चुकणार नाही. घातांकी वितरणाचा स्क्यूनेस २, म्हणून शंभराहून जास्त निरीक्षणं. स्क्यूनेस ०.५ असेल तर सात पुरतात. हा नियम ‘किती मोठा म्हणजे मोठा’ याचं उत्तर थेट निरीक्षणसंख्येत देतो, हे त्यातलं चांगलं. आपल्या दहा फोनांच्या २.३१ वरून १३३ पेक्षा जास्त असं उत्तर निघतं, पण तो २.३१ एका फोनच्या जिवावर उभा आहे, तेव्हा १३३ लाही तेवढीच किंमत द्यायची.

लॉगॅरिदम घेऊन झुकाव काढायचा विचार असेल तर आधी करून बघा. आपल्या यादीचा लॉगॅरिदम घेतल्यावर स्क्यूनेस २.३१ वरून १.६९ वरच येतो. सगळं वितरण हळूहळू उजवीकडे पसरत गेलं असतं तर लॉगॅरिदमने तो बराच खाली आला असता. इथे नऊ आकड्यांचा पुंजका आणि एक भरकटलेला आकडा आहे, आणि त्याला लॉगॅरिदम हे औषध नाही. त्या फोनची नोंद उघडून बघावी लागेल: वेळ लिहिताना चूक झाली, यंत्रणा बंद पडली होती, की खरोखरच कोणी २५ मिनिटं थांबलं होतं. पहिल्या बाबतीत नोंद दुरुस्त होईल. दुसऱ्या बाबतीत ती वेगळी दाखवता येईल. तिसऱ्या बाबतीत तो फोन माहितीतच राहील आणि सरासरीबरोबर मध्यक आणि सर्वांत मोठा वेळ हे दोन्ही छापावे लागतील.

कर्टोसिस महत्त्वाचा होतो तो पसाऱ्याचा अंदाज करताना. मोठ्या नमुन्यात प्रचरणाचा, म्हणजे प्रमाण विचलनाच्या वर्गाचा, अंदाज किती डळमळेल हे ‘कर्टोसिस वजा एक’ या संख्येवर ठरतं. नॉर्मल वितरणात ही संख्या २. घातांकी वितरणात ८, म्हणजे चौपट. त्यामुळे नॉर्मल वितरणातून शंभर निरीक्षणांत प्रचरण जेवढ्या खात्रीने कळतं, तेवढ्याच खात्रीसाठी घातांकी वितरणातून चारशे लागतात. दोन यंत्रांच्या किंवा दोन पद्धतींच्या पसाऱ्याची तुलना करणारी एफ चाचणी नेमकी इथेच फसते: ती ही संख्या २ असल्याचं गृहीत धरते, आणि शेपट्या लांब असल्या की नसलेला फरक दाखवत राहते. अशा वेळी प्रचरणांची तुलना मध्यकापासूनच्या अंतरांवर आधारलेल्या ब्राउन–फोर्सिथ चाचणीने करावी. `scipy` मध्ये ती `levene(a, b, center='median')` या नावाने मिळते.